मनाला पटेल असेच वाक्य

ताई, मी ३२ वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर पुण्यात राहून काही वर्षे राज्यसेवेची तयारी केली. एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले, पण अंतिम यादीत नाव आले नाही. आता नाशिकला एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम माझ्याकडे आहे आणि धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगची फी माझ्या पगारातून जाते. रात्री इन्स्टाग्राम उघडले की अभ्यासिकेतली मैत्रीण उपजिल्हाधिकारी झालेली दिसते, दुसरीने बाणेरला फ्लॅट घेतलेला असतो, तिसरी कॅनडात असते. आपण फार मागे पडलो, असे वाटून झोप लागत नाही. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे, मी कोणाच्याही मागे नाही’ असे एकवीस वेळा म्हणते. पण हल्ली ते म्हणताना रडूच येते. माझे काय चुकते आणि मी नेमके काय म्हणावे?
— एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमचे काही चुकत नाही. चुकते आहे ते वाक्य. त्यामुळे आरशासमोरचा हा नेम उद्यापासूनच थांबवावा, असे मी सुचवते. नेम अर्धवट सोडल्याची रुखरुख बाळगण्याचेही कारण नाही, कारण तुम्हाला आलेला अनुभव मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कॅनडातील जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य ठरावीक अंतराने मनात म्हणावयास सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते त्यांना थोडे बरे वाटले, मात्र ज्यांचे मत वाईट होते त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षाही अधिक वाईट वाटले. म्हणजे ज्यांना आधाराची गरज जास्त, त्यांच्याच बाबतीत उपाय उलटला. पुढच्या पडताळणीत दर वेळी इतका ठळक परिणाम दिसलेला नाही, त्यामुळे हा नियम सर्वांना लागू करू नये. परंतु वाक्य म्हणताना रडू येणाऱ्या व्यक्तीने तो आपल्याला लागू आहे असे समजून चालावे.

असे का होते, हे समजले की योग्य वाक्य घडवणे सोपे जाते. आपल्याविषयीच्या कोणत्याही विधानाची मन आतल्या आत तपासणी करते. विधान मनाला मान्य होण्याच्या मर्यादेत असेल तर ते स्वीकारले जाते आणि मर्यादेच्या फार बाहेर असेल तर मन विरुद्ध पुरावे गोळा करू लागते. ‘मी यशस्वी आहे’ असे तुम्ही म्हणता तेव्हा अंतिम यादी डोळ्यांपुढे येत असणार, आणि एकवीस वेळा म्हणणे म्हणजे ती यादी एकवीस वेळा उघडणे होय. दुसऱ्या वाक्यात तर याहून मोठी अडचण आहे. ‘मी कोणाच्याही मागे नाही’ हे खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी मनाला आधी इतर सर्वांना एका रांगेत उभे करावे लागते आणि मग त्या रांगेत तुमची जागा शोधावी लागते. रात्री इन्स्टाग्राम जे काम करते, तेच काम हे वाक्य सकाळी करते, फक्त त्याला नकाराचे शेपूट जोडलेले असते. ज्या वाक्यात दुसरा माणूस आहे, मग तो नावानिशी असो वा ‘कोणी’ म्हणून असो, ते वाक्य तुलनेच्या दुखण्यावर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजून म्हणण्याची ही पद्धत तशी जुनीच आहे. फ्रान्समधील एमिल कुए नावाचे औषधविक्रेते विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात आपल्याकडे येणाऱ्यांना वीस गाठी मारलेली दोरी हाती घेऊन, झोपेच्या काठावर, एकच वाक्य वीस वेळा पुटपुटण्यास सांगत असत. त्या वाक्याचा आशय ‘दिवसेंदिवस माझी प्रकृती सर्व बाबतीत सुधारत आहे’ असा होता. व्हिडिओंतून ही पद्धत आपल्यापर्यंत येईतो गाठी तेवढ्या शिल्लक राहिल्या आणि वाक्य मात्र बदलून गेले. ‘सुधारत आहे’ म्हणणाऱ्याला आज कुठवर पोहोचलो याचा हिशेब द्यावा लागत नाही. ‘यशस्वी आहे’ म्हणणाऱ्याला तो द्यावा लागतो.

आता तुलनेविषयी थोडे. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडलेला विचार असा की, आपले कसे चालले आहे हे मोजायला एखादे पक्के माप हाती नसले म्हणजे माणूस इतरांशी तुलना करून ते मोजतो, आणि त्यासाठी आपल्यासारखीच माणसे निवडतो. म्हणूनच एखाद्या चित्रपट तारकेचा बंगला पाहून तुमची झोप उडत नाही, पण अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण सरकारी गाडीतून उतरताना दिसली की उडते. ती तुमच्यासारखीच होती, हेच त्या दुखण्याचे मूळ आहे, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या मापाने तुम्ही मोजता, ते माप सदोष आहे. राज्यसेवेसाठी अर्ज लाखांच्या घरात जातात आणि जागा काहीशे असतात. निवड झालेली व्यक्ती छायाचित्र टाकते. उरलेल्यांपैकी कोणीही ‘यंदाही यादीत नाव नाही’ म्हणून छायाचित्र टाकत नाही. त्यामुळे तुमच्या पडद्यावर निवड झालेल्यांचे प्रमाण आहे त्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठे दिसते. फ्लॅटच्या बाबतीतही किल्ली हाती घेतल्याचा आणि वास्तुशांतीचा दिवस दिसतो, पण कर्जाच्या हप्त्याची तारीख दिसत नाही. २०११ साली अमेरिकेतील विद्यार्थ्यांवरील एका अभ्यासात असेच आढळले होते की, आपल्या बरोबरीच्यांना किती दुःखद प्रसंगांतून जावे लागते याचा अंदाज माणसे सातत्याने कमी बांधतात, कारण दुःख बहुधा एकांतात भोगले जाते. हे सगळे मैत्रिणींचे सुख खोटे ठरवण्यासाठी मी सांगत नाही. त्यांचे सुख खरेच असेल. तुमची जागा ठरवण्यासाठी तेवढा पुरावा पुरत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

मग म्हणावे काय? मी तयार वाक्यांची यादी देणार नाही, कारण दुसऱ्याने दिलेल्या यादीनेच तुमची ही अवस्था केली आहे. तुमच्या पत्रातीलच मजकूर घेऊन एक वाक्य कसे घडवावे ते पाहू. सुरुवात पुराव्यापासून करावी आणि वाक्य मागाहून लिहावे. एका कागदावर अशा चार-पाच गोष्टी लिहा की ज्या न्यायालयात शपथेवर सांगता येतील. पत्रावरून मला तीन दिसतात. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या व्यवसायांना जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. त्या तारखा सांभाळण्याचे काम तुमच्यावर सोपवलेले आहे. भावाचे शिक्षण तुमच्या कमाईवर चालू आहे. आणि परीक्षेचा मार्ग बंद झाल्यावर तुम्ही घरी बसून राहिला नाहीत, जे क्षेत्र तयारीच्या वर्षांत मागे पडले होते ते पुन्हा शिकून त्यात उभ्या राहिलात.

या तिसऱ्या गोष्टीवरून पहिला मसुदा असा होईल: ‘मी हार न मानणारी, कणखर स्त्री आहे.’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा आणि लगेच मनात ‘पण’ उमटतो का, याकडे लक्ष द्या. मला वाटते उमटेल, कारण आरशासमोर रडणारी मी कणखर कशी, असे मन विचारणारच. हा ‘पण’ म्हणजे वाक्य मर्यादेबाहेर गेल्याची खूण होय. मग विशेषण काढून टाकावे आणि घडलेली गोष्ट तेवढी ठेवावी: ‘निवड झाली नाही तेव्हा मला फार वाईट वाटले, आणि त्यानंतर मी नवे काम शिकले, ते आज मला येते.’ येथे पहिला अर्धा भाग मुद्दाम ठेवला आहे. दुःख वगळून केवळ चांगले तेवढेच म्हणण्याची सक्ती केली की वगळलेला भाग आतून दार ठोठावत राहतो. वर सांगितलेल्या वुड यांच्या अभ्यासाच्याच एका भागात, विधान कोणत्या अर्थाने खरे आहे आणि कोणत्या अर्थाने नाही या दोहोंचा विचार करण्याची मोकळीक, स्वतःविषयीचे मत वाईट असलेल्यांपैकी ज्यांना मिळाली, त्यांची स्थिती केवळ खऱ्या बाजूवर लक्ष देण्यास सांगितलेल्यांपेक्षा बरी राहिली होती. वाक्याच्या शेवटी आपल्या हातातील एखादी पुढची गोष्ट जोडता आली तर ते अधिक उपयोगी ठरते. उदाहरणार्थ, ‘या महिन्यात मी वार्षिक विवरणपत्राचे काम वरिष्ठांकडून समजून घेणार आहे.’ वाक्य लांबले तरी हरकत नाही. ते भिंतीवर लावायचे नाही.

वाक्य घडवताना एक मोह होईल, त्यापासून सावध राहावे. ‘मी तिच्याइतकी नशीबवान नाही, पण तिच्यापेक्षा प्रामाणिक आहे’ किंवा, घरातील वडीलधारी मंडळी प्रेमाने सांगतात तसे, ‘आपल्याहून वाईट स्थितीत कितीतरी लोक आहेत’, अशी वाक्ये घटकाभर गोड लागतात. परंतु त्यांनी रांग मोडत नाही, केवळ तुम्हाला रांगेत दोन जागा पुढे सरकवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी एखादे नवे छायाचित्र तुम्हाला पुन्हा मागे ढकलते.

याखेरीज लेखनाचा एक वेगळा मार्ग आहे, आणि तुमच्यासाठी तो मला वाक्याहूनही महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ साली असे मांडले की, एका बाबतीत आपल्या मोठेपणाला धक्का बसला तर माणूस त्याच बाबतीत झगडण्याऐवजी आपल्या आयुष्यातील दुसऱ्या, तितक्याच मोलाच्या गोष्टीवर पाय रोवून उभा राहू शकतो. या विचारावर आधारलेल्या प्रयोगांत लोकांना स्वतःला महत्त्वाचे वाटणारे एखादे मूल्य निवडून त्याविषयी थोडा वेळ लिहावयास सांगतात. २००६ साली अमेरिकेतील सातवीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अशा प्रयोगात, ज्यांच्याविषयी समाजात कमीपणाचा ग्रह होता अशा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारलेले आढळले. नंतर सर्वत्र तेवढाच परिणाम मिळाला नाही, म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. मात्र याची रीत शहाणपणाची आहे. तुमचा घाव करिअरचा आहे, तर लेखन करिअरविषयी करू नका. भावाची पहिली फी भरली तो दिवस, ते पैसे कसे साठवले, ती जबाबदारी तुम्ही स्वतःहून घेतली की तुमच्यावर येऊन पडली, आणि शिक्षणाला तुमच्या लेखी एवढे मोल का आहे, हे आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे वहीत लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको, आणि ते कोणाला दाखवायचेही नाही. लिहिताना त्या जबाबदारीविषयीचा राग वर आला, तर तोही लिहावा. पत्रात तुम्ही फीचा उल्लेख ओझरता केला आहे. ते ओझे आहे की अभिमान, की दोन्ही, हे तुम्हालाच तपासावे लागेल. ते नुसतेच ओझे निघाले, तर लेखनासाठी दुसरे मूल्य निवडा आणि फीचा विषय घरात बोलून सोडवा. तो वहीत सुटणार नाही.

घडवलेले वाक्य कधी वापरायचे, हेही ठरवून ठेवले पाहिजे. सकाळी आरशासमोर त्याची गरज नसते, कारण घाव रात्री बसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली एक साधी रीत येथे उपयोगी पडते: ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधीच नेमके ठरवले की ऐन वेळी निर्णय घेण्याचे कष्ट पडत नाहीत. तुमच्यासाठी ते असे असू शकेल: ‘छायाचित्र पाहून पोटात खड्डा पडला, तर मी फोन पालथा ठेवीन, उठून बसेन आणि माझे वाक्य एकदाच, सावकाश म्हणेन.’ एकदा म्हणणे पुरते. ते म्हणताना स्वतःला नावाने हाक मारून पाहा. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की, ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ म्हणून मनाशी बोलणाऱ्यांना त्या प्रसंगाकडे थोडे दुरून पाहता येते. थोरली बहीण धाकटीला सांगेल त्या सुरात, ‘अगं, तुला हेवा वाटला, वाटू दे. निवड झाली नाही, तरी तू नवे काम शिकलीस, ते तुला येते,’ असे म्हटले तर वाक्याचा ताठरपणा जातो आणि आपल्या मराठी कानालाही ते परके वाटत नाही.

हेवा हा शब्द मी जाणून वापरला. स्वयंसूचनांच्या व्हिडिओंत त्याला थारा नसतो, पण हेवा उपयोगी माहिती देतो. तीन मैत्रिणींची छायाचित्रे वेगवेगळी काढून प्रत्येकीपाशी विचारा की, यातले मला खरोखर काय हवे आहे. कॅनडातील बर्फ आणि एकटेपणा तुम्हाला नकोच असेल, तर तो हेवा तेथेच गळून पडेल. फ्लॅट हवा असेल, तर प्रश्न बचतीचा आहे आणि त्याचे गणित तुम्हाला माझ्याहून चांगले येते. उपजिल्हाधिकारी मैत्रिणीपाशी मात्र जीव गुंतला असेल, तर पुढचा प्रश्न टाळू नका: तुम्हाला ते पद अजून हवे आहे की न मिळालेल्या पदाचे दुःख अजून करायचे राहिले आहे? पद हवे असेल, तर चालू जाहिरातीतील वयोमर्यादा आणि परीक्षेचे आताचे स्वरूप पाहून, नोकरी सांभाळत आणखी किती प्रयत्न करायचे हे घरी बोलून एकदा ठरवून टाका. दुःख राहिले असेल, तर कोणतेही वाक्य ते झाकू शकणार नाही. ते एखाद्या विश्वासू माणसापाशी बोलावे लागेल.

वाक्य लागू पडते आहे, हे कशावरून ओळखावे? आनंद झाला का, हे तपासू नका. ते म्हटल्यावर ‘पण’ उमटत नाही का, आणि छायाचित्र पाहिल्यापासून पुन्हा स्वस्थ होईपर्यंतचा वेळ पूर्वीपेक्षा कमी झाला का, एवढे दोन आठवडे पाहा. वाक्य गुळगुळीत होऊन नुसतेच ओठांवर येऊ लागले, तर पुराव्याच्या कागदावरील दुसरी गोष्ट घेऊन नवे करा. यासोबत फोनची व्यवस्थाही करावीच, नाहीतर मलम लावून रोज त्याच उंबरठ्यावर ठेच खाल्ल्यासारखे होईल. इन्स्टाग्रामवर एखाद्या व्यक्तीला म्यूट केले तर तिच्या पोस्ट आणि स्टोरी दिसेनाशा होतात, मैत्रीची यादी तशीच राहते आणि तिला याची सूचना जात नाही. हवे तेव्हा ते पूर्ववत करता येते. ज्या दोघी-तिघींमुळे झोप उडते त्यांच्यापुरते हे करा आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे लागले तरी चालेल.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. रडू येणे, झोप न लागणे, जेवणावरची आणि कामातली गोडी जाणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा विषय वाक्यांच्या आणि माझ्या सदराच्याही पलीकडचा आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

राहता राहिली ती मैत्रीण. तिला म्यूट केलेत तरी तिच्याशी बोलणे बंद करू नका. छायाचित्राखाली शंभर जणांच्या अभिनंदनात आपली एक ओळ घालण्यापेक्षा एखाद्या रविवारी तिला फोन करा आणि निवड होण्याआधीची तिची वर्षे कशी गेली, पहिल्या नेमणुकीच्या गावी ती कशी राहते, हे विचारा. कदाचित ती फार सुखात असेल आणि फोन ठेवल्यावर तुम्हाला थोडे दुखेल. तरी तोवर तुम्ही तिच्या छायाचित्राऐवजी तिच्याशी बोललेल्या असाल, आणि अभ्यासिकेतल्या दिवसांविषयी तिलाही तुम्हाला काही विचारायचे असण्याची शक्यता आहे.